दुप्पट भार घेणारी कमकुवत पट्टी

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात शेवटच्या वर्षाचा चौघांचा गट माझ्या टेबलापाशी आला. हातात दोन तुटलेल्या पट्ट्या होत्या, चेहऱ्यावर पेपर सोपा गेल्याचं समाधान. एक पट्टी नुसत्या इपॉक्सीची, काचेसारखी पिवळसर. दुसरी ज्यूट घातलेली, चहाच्या रंगाची. "सर, ज्यूटवाली 290 न्यूटनला तुटली, साधी 150 ला. जवळजवळ दुप्पट."

मी विचारलं, "जाडी किती?"

साधी 3.2 मिलिमीटर होती, ज्यूटची 5.1. इथूनच हे प्रकरण सुरू झालं.

तीन बिंदूंवर वाकवण्याच्या चाचणीत पट्टी दोन आधारांवर ठेवतात आणि मधोमध वरून दाबतात. तुटतानाचा भार P, आधारांमधलं अंतर L, रुंदी b आणि जाडी d धरली, तर खालच्या पृष्ठावरचा जास्तीत जास्त ताण असा निघतो:

σ = 3PL / (2bd²)

यातला d वर्गात आहे, आणि गटाचं सगळं समाधान त्या वर्गात अडकलेलं होतं. दोन्ही पट्ट्या 12.7 मिलिमीटर रुंद होत्या आणि आधार 51 मिलिमीटरवर होते. आकडे घातले तर साध्या इपॉक्सीचा ताण 88 मेगापास्कल येतो आणि ज्यूटवालीचा 67. साध्या इपॉक्सीचीच पट्टी 5.1 मिलिमीटर जाडीची ओतली असती, तर तिने 380 न्यूटनपर्यंत भार घेतला असता. थोडक्यात, ज्यूट घालून त्यांनी इपॉक्सी कमकुवत केलं होतं आणि वर ते जाड करून ठेवलं होतं.

आणखी एक चूक होती, ती जरा लपलेली. या चाचणीच्या ASTM D790 या मानकाप्रमाणे आधारांमधलं अंतर जाडीच्या सोळा पट लागतं. 3.2 ला 51 बरोबर बसतं, म्हणून साध्या पट्टीसाठी लावलेले आधार कुणी हलवलेच नाहीत. 5.1 ला ते 82 च्या आसपास हवे होते. अंतर कमी पडलं की पट्टी नुसती वाकत नाही, तिचे थर एकमेकांवरून सरकायला बघतात, आणि मग वरच्या सूत्रातून येणाऱ्या आकड्याला वाकण्याची ताकद म्हणता येत नाही. त्यामुळे 67 वरही माझा पूर्ण भरवसा नव्हता. पण 88 च्या वर तो जाणार नाही, एवढी खात्री होती.

(चाचणी कुठे केली, तेही सांगायला हवं. पहिल्या दिवशी मुलं आमच्याच विभागातल्या 400 किलोन्यूटनच्या यूटीएमवर गेली होती. सळया ओढायचं ते मशीन. 150 न्यूटन म्हणजे त्याच्या दृष्टीने कुणीतरी फुंकर मारली. पट्टी तुटली तरी आकडा धड हलला नाही. शेवटी ओळखीच्या एका प्लास्टिक प्रयोगशाळेतलं 5 किलोन्यूटन लोड सेलचं टेबलवरचं मशीन मिळालं.)

प्लेट मुळात कशी केली होती, ते मी विचारून घेतलं. 250 गुणिले 250 मिलिमीटरची लाकडी चौकट, खाली काच, काचेवर मेण. बाजारातून आणलेलं गोणपाट, चौरस मीटरला साधारण 300 ग्रॅमचं, त्याचे पाच तुकडे. LY556 इपॉक्सी रेझिन आणि HY951 हार्डनर, वजनाने 100 ला 10. कापड ठेवायचं, वरून ब्रशने रेझिन लावायचं, मग रोलर, त्यावर पुढचं कापड. शेवटी ओएचपी शीट झाकली आणि तिच्यावर दोन जाडजूड पुस्तकं ठेवली. चोवीस तासांनी प्लेट निघाली. हॅण्ड ले-अप म्हणतात ते एवढंच, आणि यात ढोबळ चूक एकही नाही. सगळे घोळ बारीक आहेत.

गोणपाटाला आपल्याकडे सरसकट तागाचं कापड म्हणतात, आणि गटातल्या एकाने अहवालाच्या मसुद्यात ज्यूट आपल्या शेतात हिरवळीच्या खतासाठी लावतात असं लिहून ठेवलं होतं. तो ताग वेगळा, बोरूचा. गोणपाटाचं ज्यूट बंगालकडून येतं. फरक भाषेपुरता नाही, धाग्याचे गुणधर्म बदलतात, म्हणून ते वाक्य मी आधी खोडलं.

मग प्लेटकडे वळलो. पहिल्यांदा तिचं वजन केलं. 250 × 250 × 5.1 मिलिमीटर म्हणजे सुमारे 319 घन सेंटिमीटर, आणि वजन भरलं 356 ग्रॅम. घनता आली 1.12. नुसत्या घट्ट झालेल्या रेझिनची आम्ही मोजलेली घनता 1.17 होती. ज्यूटच्या धाग्याची साधारण 1.3 ते 1.45 असते. आता 1.17 च्या वस्तूत 1.4 ची वस्तू मिसळली आणि मिश्रण 1.12 भरलं. हे फक्त आत हवा असेल तरच होतं. हिशोब केला तर पोकळी आठ टक्क्यांच्या आसपास निघाली. स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि व्हर्नियर एवढ्यावर हे कळतं. प्लेट कापायच्या आधीच कळतं, म्हणून मी आता प्रत्येक गटाला आधी हेच करायला लावतो. घनता रेझिनच्या खाली गेली असेल, तर ती प्लेट चाचणीला नेऊच नका.

दुसरी गोष्ट तुटलेल्या कडेवर दिसली. भिंगातून पाहिलं तर धागे बाहेर डोकावत होते, तीन-तीन, चार-चार मिलिमीटर, आणि त्यांच्यावर रेझिनचा कण नव्हता. शेवग्याच्या शेंगेतून दोरा ओढावा तसे ते अख्खे निसटले होते. रेझिनने धागा धरलेला असेल, तर तो कडेलगत तुटतो. निसटला, म्हणजे रेझिन त्याला चिकटलंच नव्हतं.

का चिकटलं नसावं? मी उरलेलं गोणपाट मागवलं आणि नाकाशी नेलं. रॉकेलसारखा मंद वास. ज्यूटच्या गिरणीत धागा कातण्याआधी तो मऊ पडावा म्हणून पाणी आणि खनिज तेलाचं मिश्रण मारतात, त्याला ज्यूट बॅचिंग ऑइल म्हणतात. पोत्याला त्या तेलाने काही बिघडत नाही. इपॉक्सीला मात्र तेलकट धागा म्हणजे तेल लावलेला तवा.

त्यात पावसाळा. आमचं महाविद्यालय कोकणात, खिडक्या उघड्या, आणि ज्यूटसारखा पाणी पिणारा धागा दुसरा शोधायला लागेल. पाच तुकड्यांचा तसाच एक संच आम्ही वजन केला, 96 ग्रॅम भरला. ओव्हनमध्ये 105 अंशांवर दोन तास ठेवला आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत पाहिलं, तर 86 ग्रॅम. दहा ग्रॅम नुसतं पाणी. प्लेट करताना मुलांनी ते पाणी रेझिनमध्ये गुंडाळून ठेवलं होतं. धाग्यांभोवती जी पांढुरकी धूसर झाक होती, तिला मुलं "ज्यूटचा रंग" म्हणत होती.

दुसरी प्लेटही हॅण्ड ले-अपनेच केली, पण तयारी आणि थर लावायची रीत बदलली. कापड कोमट पाण्यात डिटर्जंट घालून धुतलं, दोनदा खळबळून काढलं, उन्हाची वाट न बघता पंख्याखाली निथळवलं आणि मग ओव्हनमध्ये 105 अंशांवर कोरडं केलं. धुऊन कोरडं झाल्यावर वजन 84 ग्रॅम. म्हणजे तेल आणि मळ मिळून आणखी दोन ग्रॅम गेले. बरेच जण इथे पाच टक्के कॉस्टिक सोड्यात कापड भिजवतात. त्याने धाग्याचा पृष्ठभाग खडबडीत होतो आणि पकड सुधारते, पण सोडा नीट धुतला गेला नाही किंवा जास्त वेळ राहिला, तर धागाच कमजोर होतो. धुणं आणि सोडा दोन्ही एकदम केलं, तर धाग्यावर कशाने काय झालं ते कळत नाही, म्हणून आम्ही सोडा बाजूला ठेवला.

ओव्हनमधून काढलेलं कापड सिलिका जेलच्या डब्यात थंड केलं. हे करायला मी आग्रह धरला, कारण पावसाळ्यात टेबलावर मोकळं ठेवलेलं ज्यूट कोरडं राहत नाही. वर्कशॉपमधले मामा हे सगळं बघत होते. ते म्हणाले, "सर, पापडसुद्धा एवढ्या काळजीने ठेवत नाहीत." उपमा अगदी बरोबर होती.

रेझिन दोन कपांत विभागून कालवलं. एकाच खोल कपात सगळं हार्डनर घातलं की ते स्वतःच्या उष्णतेने तापतं, आणि तिसऱ्या थराला पोचेपर्यंत घट्ट होऊ लागतं. ढवळणं सावकाश, लाकडी पट्टीने, कपाच्या तळाशी पट्टी टेकवून. लस्सीसारखं घुसळलं की हवा शिरते आणि ती मग निघत नाही.

सगळ्यात जास्त फरक कशाने पडला असेल, तर थर ओला करायच्या पद्धतीने. पहिल्या वेळी कापड आधी ठेवून वरून ब्रश मारला होता. त्यात धाग्यांच्या पिळातली हवा खाली कोंडते आणि वरून आलेलं रेझिन तिला झाकण लावतं. या वेळी आधी काचेवर रेझिन पसरलं, त्यावर कापड टेकवलं आणि रेझिन खालून वर येऊ दिलं. कापड गडद व्हायला दीड-दोन मिनिटं लागतात. तेवढं थांबायचं, नंतरच रोलर, मधून कडेकडे. ठिपक्यांसारखे फिके डाग राहिले, तर ती हवा आहे. डाग जाईपर्यंत पुढचा थर नाही.

शेवटी चार कोपऱ्यांत 4 मिलिमीटर जाडीचे लोखंडी तुकडे ठेवून वर जाड काच टाकली आणि चार सी-क्लॅम्प लावले. जादा रेझिन कडेने बाहेर आलं. पहिल्या प्लेटमध्ये हेच रेझिन आत राहून जाडी वाढवत होतं. साध्या इपॉक्सीची प्लेटही त्याच चौकटीत 4 मिलिमीटरचीच ओतली, म्हणजे तुलनेत जाडीचा प्रश्नच उरणार नाही. ही साधी प्लेट काळजीपूर्वक ओतणं ज्यूटच्या प्लेटइतकंच महत्त्वाचं आहे. इपॉक्सी ठिसूळ असतं, खालच्या अंगाला एक बुडबुडा असला तरी पट्टी तिथूनच तुटते. साध्या प्लेटमध्ये बुडबुडे ठेवले, तर ज्यूट आपोआप जिंकतं. असे जिंकलेले प्रकल्प मी पुष्कळ पाहिले आहेत.

दुसरी प्लेट 300 ग्रॅम भरली. आकारमान 250 घन सेंटिमीटर, म्हणजे घनता 1.20. रेझिनच्या वर. पोकळी दोन टक्क्यांच्या जवळपास उरली. हाताने केलेल्या कामाला हे चांगलं आहे.

पट्ट्या कापताना एक अडचण आली, ती लिहून ठेवतो. गोणपाटाची वीण इतकी जाड असते की 12.7 मिलिमीटर रुंदीत एका थराचे पाच-सहा उभे धागेच येतात. करवत जरा तिरकी गेली, की एखादा धागा मध्येच कापला जातो आणि त्या थराची जवळजवळ पंचमांश ताकद गेली. म्हणून आधी धाग्याच्या रेषेवर पेन्सिलने खूण, मग बारीक दातांची हॅक्सॉ, मग कडांवर 320 चा पॉलिश पेपर. पाण्याची धार सोडून कापायचं नाही, उघड्या कडेतून ज्यूट पाणी ओढून घेतं. कापलेल्या पट्ट्या सिलिका जेलसह झिपच्या पिशवीत.

चाचणीत आधार 64 मिलिमीटरवर, दाबण्याचा वेग मिनिटाला 1.7 मिलिमीटर. वेगही D790 च्या सूत्रातून येतो, मनाने ठरवायचा नसतो. प्रत्येकी पाच पट्ट्या.

साध्या इपॉक्सीची सरासरी 94 मेगापास्कल आली, सगळ्यात कमी 79, सगळ्यात जास्त 103. ज्यूटवालीची सरासरी 98, आकडे 91 ते 104 मध्ये.

गटातली एक मुलगी आकडे बघून गप्प बसली आणि मग म्हणाली, "सर, म्हणजे इतकं करून चारच वाढले?"

खरं तर चारही वाढले नव्हते. साध्या पट्ट्यांच्याच आकड्यांत 24 चा फरक आहे. पाच पट्ट्यांच्या सरासरीत चारचा फरक म्हणजे हाताची थरथर. ताकदीत वाढ झाली असं या आकड्यांवरून म्हणता येत नाही. पण आलेखाची सुरुवातीची सरळ रेष बघा, असं मी तिला सांगितलं. साधी पट्टी एक मिलिमीटर वाकवायला 36 न्यूटन लागत होते, ज्यूटवालीला 61. जाडी, रुंदी, अंतर सारखंच, म्हणजे हा फरक पदार्थाचाच. वाकण्याचा मॉड्युलस 2.9 वरून 4.9 गिगापास्कलवर गेला होता. कडकपणा दीडपटीहून जास्त, ताकद जिथल्या तिथे. आणि तुटण्याआधीचं वाकणं उलट कमी झालं होतं. साधी पट्टी सात मिलिमीटरपर्यंत खाली गेली, ज्यूटवाली चारच्या आसपास तुटली.

हे असं का, याचं उत्तर त्या शेवटच्या आकड्यांत आहे. ज्यूटचा धागा फार ताणला जात नाही. पट्टी ज्या वाकेला तुटली, तिथे धाग्यात साधारण दोन टक्के ताणाव धरता येईल. इपॉक्सी चार टक्क्यांपलीकडे जातं. म्हणजे धागे तुटतात, तेव्हा रेझिन अजून अर्ध्या वाटेवर असतं. आमच्या आलेखावर दोन टक्क्यांना रेझिनवर 55 मेगापास्कलच होते, 94 नाहीत. रेझिनची उरलेली ताकद वापरायची वेळच येत नाही, कारण धागे तुटले की सगळा भार एकदम अंगावर येतो आणि पट्टी जाते.

आता ढोबळ हिशोब करू. धागा तुटताना त्याच्यावर 400 मेगापास्कल धरू. ज्यूटसाठी हा सावध आकडा आहे. दुसऱ्या प्लेटमध्ये ज्यूटचं आकारमान 24 टक्के, पण कापडातले निम्मे धागे आडवे, ते वाकण्याच्या दिशेला फारसे कामाचे नाहीत. उपयोगी धागे उरले 12 टक्के. 400 चे 12 टक्के म्हणजे 48, आणि 55 चे 88 टक्के म्हणजे सुमारे 48. बेरीज 96. मशीनने दिलं 98. हा हिशोब मुळात ओढण्याच्या चाचणीचा, वाकवण्याला तो काटेकोर लागू होत नाही, आणि इतका नेमका जुळला याचं श्रेय थोडं नशिबालाही आहे. पण दिशा बरोबर आहे.

याच हिशोबातून आणखी एक आकडा निघतो, आणि या प्रकरणात मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. धागे किती टक्के असले म्हणजे मिश्रण साध्या रेझिनच्या 94 ला गाठेल? समीकरण सोडवलं की उत्तर येतं साधारण 11 टक्के, वाकण्याच्या दिशेतले. त्याच्याखाली धागा घातला, तर ताकद वाढत नाही, उतरते. रेझिनची जागा धाग्याने घेतलेली असते आणि तिचा मोबदला द्यायला धागे पुरेसे नसतात. पहिल्या जाड प्लेटमध्ये या दिशेचे धागे साडेनऊ टक्क्यांच्या आसपास होते. तेल, पाणी, हवा काही नसतं, तरी ती प्लेट साध्या इपॉक्सीला हरलीच असती. दुसरी 12 वर होती, उंबरठ्यावर नुकतं पाऊल ठेवलेली. म्हणून 98.

कडकपणाला असा उंबरठा नाही. चांगला चिकटलेला पहिला धागा घातल्यापासून तो वाढू लागतो, कारण त्याचा संबंध तुटण्याशी नाही, सुरुवातीच्या वाकण्याशी आहे. त्यामुळे थोडंसं ज्यूट घालून केलेली वस्तू हाताला भक्कम लागते आणि तुटते मात्र लवकर.

गटाला हे पटलं, पण कागदावर. तिसरी प्लेट करू असं तेच म्हणाले. तेवढ्याच 4 मिलिमीटरमध्ये पाचऐवजी सात थर. सी-क्लॅम्प चारचे सहा केले, तरी जाडी 4.1 वर थांबली. हाताने याहून जास्त दाबणं कठीण आहे. पुढे जायचं तर हायड्रॉलिक प्रेस लागेल किंवा व्हॅक्यूम. सात थरांत मधले थर भिजायला वेळ लागला आणि घनता मोजल्यावर पोकळी पुन्हा थोडी वाढलेली दिसली. तरीही सरासरी 109 मेगापास्कल आली, मॉड्युलस 5.7. हिशोबाने 112 च्या आसपास यायला हवं होतं. पाचही पट्ट्या साध्या इपॉक्सीच्या सर्वात चांगल्या पट्टीपेक्षा वर होत्या की नाही, हे मी मुद्दाम विचारलं. चार होत्या. पाचवी 101 ला तुटली, आणि तिच्या कडेला एक उभा धागा करवतीने तिरका कापलेला दिसत होता.

उरलेल्या तुकड्यांपैकी एक त्या मुलीने पाण्याच्या बाटलीत टाकून ठेवला होता, कुणी न सांगता. आठवड्याने काढला तेव्हा कडा फुगून उमललेल्या होत्या आणि बोटांनी वाकवला तरी वाकत होता. कडा रेझिनने बंद केल्या, तर काय होतं, ते आता ती चौथ्या प्लेटवर बघते आहे. अहवालाच्या मुखपृष्ठावर आधी "ज्यूटने इपॉक्सीच्या वाकण्याच्या ताकदीत वाढ" असं होतं. त्यांनी ते खोडून "जाडी, धाग्याचं प्रमाण आणि वाकण्याची ताकद" असं केलं, आणि पहिल्या पानावर 290 न्यूटनचा तो पहिला आकडा तसाच ठेवला, शेजारी 5.1 लिहून.